फोन चोरीला गेला, नवं सिम घेतलं, तरी आयएमईआय ब्लॉक करायचा ओटीपी येत नाही

गेल्या दोन वर्षांत नात्यातल्या आणि शेजारच्या सहा-सात जणांचे चोरीला गेलेले फोन ब्लॉक करायला मी बसलो आहे. जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडकतो. सरकारच्या संचार साथी साइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायच्या अर्जात सगळी माहिती भरून होते, शेवटी ओटीपी मागितला जातो आणि तो काही केल्या येत नाही. माणूस चार-पाच वेळा प्रयत्न करतो, साइट बंद आहे म्हणून सोडून देतो, आणि चोरीचा फोन पुढचे कित्येक दिवस कुणाच्या तरी सिमवर बिनधास्त चालू राहतो. साइट बहुतेक वेळा ठीक असते. घोळ कामांच्या क्रमात असतो. तो नीट कळावा म्हणून मावशीच्या फोनचं काय झालं ते सुरुवातीपासून सांगतो.

शनिवारचा आठवडी बाजार. मावशी मेथीची जुडी निवडत होती आणि फोन पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होता. सव्वाअकराला पैसे द्यायला हात घातला तर कप्पा रिकामा. फोनला पाकिटासारखं कव्हर होतं आणि त्याच्या खाचेत बँकेचं एटीएम कार्ड. भाजीवाल्याच्या फोनवरून तिने मला फोन केला. माझा नंबर तिला पाठ होता म्हणून हे जमलं.

अशा वेळी पहिला विचार येतो सिम बंद करायचा. मी तिला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेटही जातं, आणि मग दुरून पाठवलेला कुलुपाचा आदेश फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी फोनला कुलूप, लगेच त्यामागे सिम. अँड्रॉइड असेल तर दुसऱ्या कुणाच्याही फोनवर किंवा संगणकावर `google.com/android/find` उघडून चोरीला गेलेल्या फोनमधल्या गूगल खात्याने आत जायचं आणि `Mark as lost` निवडायचं. आयफोन असेल तर `icloud.com/find`. दुसऱ्याचं उपकरण वापरताना ब्राउझरची गुप्त, म्हणजे इन्कॉग्निटो, खिडकी उघडा आणि काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडा.

इथे एक अडचण येते. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल तर "तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला हो म्हणा" असं दिसतं, आणि फोन तर चोराच्या खिशात असतो. अशा वेळी `Try another way` मधून बॅकअप कोड वापरता येतात. कोड काढून ठेवलेले नसतील आणि घरच्या संगणकावर ते खाते आधीच उघडं असेल, तर धावत घर गाठणं हाच वेगवान मार्ग. ॲपलने फोन शोधण्याच्या पानासाठी हा दुसरा टप्पा ठेवलेला नाही, नुसत्या पासवर्डवर ते उघडतं. मावशीच्या खात्याला दुसरा टप्पा नव्हता, त्यामुळे माझ्या संगणकावर आत जाता आलं. फोनचा ठिपका बाजाराच्या मागच्या रस्त्यावर दिसत होता. कुलूप लागलं.

त्या ठिपक्याच्या मागे जाऊ नका. तो एखाद्या आळीपुरता मोघम असतो, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणाचीही झडती घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. पानाचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, तो पोलिसांना द्यायला उपयोगी पडतो. त्याच पानावर फोन पूर्ण पुसून टाकायचंही बटण असतं. ते आत्ता दाबू नका. अँड्रॉइड फोन पुसला की तो नकाशावर दिसायचा बंद होतो. आयफोन खात्यातून काढून टाकायची चूक तर अजिबात करू नका, कारण त्याचं सक्रियतेचं कुलूप खात्याशी जोडलेलं असतं. फोन खात्यातून काढला की ते कुलूप आपणच उघडून दिल्यासारखं होतं.

मग सिम. त्याच कंपनीचं सिम असलेला कुणाचाही फोन घ्यायचा आणि 198 फिरवायचा. हा तक्रारींचा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखाच आहे. जिओसाठी दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून 1800 889 9999 चालतो. नंबर, नाव आणि ओळख पटवणारी एखादी माहिती विचारतात आणि सिम बंद करतात. चोराने तोवर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं असेल, तर फोनला कितीही कडक कुलूप असलं तरी सगळे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येत राहतात. म्हणून कुलूप आणि सिम यांच्यात दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. गूगल खात्यात जाताच आलं नाही तर वेळ घालवू नका, थेट सिम बंद करा.

मावशीच्या बाबतीत खरी भीती त्या कव्हरमधल्या कार्डाची होती. यूपीआयचा पिन चोराला माहीत नसतो, हे खरं. पण विसरलेला पिन नव्याने लावायला काही बँकांत डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढंच लागतं. सिम आणि कार्ड एकाच कव्हरमध्ये मिळालं की यातलं सगळंच चोराच्या हातात आलं. म्हणून सिमपाठोपाठ बँकेला फोन केला आणि कार्ड व यूपीआय दोन्ही बंद करायला सांगितलं. यूपीआय लाइटमध्ये तिचे सहाशे-साडेसहाशे रुपये होते. एका वेळी हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार त्यातून पिनशिवाय होतो. पडद्याचं कुलूप होतं म्हणून ते वाचले.

बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ मागून घ्या आणि लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर खात्यातून जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेची. कळवण्याआधी गेलेल्या पैशांत तुमचा निष्काळजीपणा काढला जाऊ शकतो. म्हणजे अकरा चाळीसला कळवलं की बाराला, यावरही भांडण होऊ शकतं, आणि ते मिटवायला तुमच्याकडे तो क्रमांक हवा. पैसे गेलेच असतील तर बँकेबरोबर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या सरकारी नंबरवर त्याच क्षणी फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवायचा प्रयत्न तिथून होतो.

दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही, कारण हा अनुभव बहुतेकांना कुठे ना कुठे येतोच. "चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, दाखला लगेच मिळेल," असं आम्हाला सांगण्यात आलं. आयएमईआय ब्लॉक करायला गहाळ दाखला चालतो, त्यामुळे ज्याला तेवढंच करायचं आहे त्याचं काम भागतं. पण फोनचा विमा असेल, किंवा त्या फोनवरून पुढे काही गैरप्रकार झाला, तर चोरीचा गुन्हा नोंदलेला असणं फार महत्त्वाचं ठरतं. गहाळ म्हटलं की तो आपल्याच हातून कुठेतरी पडला असा अर्थ होतो, आणि चोरीचा विमा त्यावर मिळत नाही.

मावशीने शांतपणे, पण तीनदा सांगितलं, "साहेब, पिशवीची चेन मी लावली होती. ती उघडून काढलाय. हरवला नाही माझ्याकडून." शेवटी भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीचा गुन्हा नोंदला गेला. फोन हातातून हिसकावला असेल तर कलम 304 आहे, ते नीट सांगा. गुन्ह्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. माहिती घ्यायला नकारच मिळाला तर तीच तक्रार लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची सोय त्याच कलमात आहे. रेल्वेत किंवा फलाटावर चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा.

तक्रारीत आयएमईआय लिहिलेला असायलाच हवा, आणि त्याची घरातली शोधाशोध नेमकी इथे सुरू होते. `*#06#` दाबून तो दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यासाठी फोन हातात लागतो. फोन गेल्यावर तो तीन जागी सापडतो: खोक्यावरच्या चिकटपट्टीवर, दुकानाच्या बिलावर, आणि गूगलच्या फोन शोधायच्या पानावर फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेखाली. आयफोनचा `account.apple.com` वर उपकरणांच्या यादीत मिळतो. मावशीचं खोकं माळ्यावर सापडलं. त्यात ती बटणं ठेवत होती.

आयएमईआय 15 आकडी असतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात आणि दोन्ही द्यायचे असतात. एकच दिला तर दुसऱ्या खाचेत सिम घालून फोन चालू शकतो. खोक्यावर अनुक्रमांकाचंही बारकोड असतं आणि बिलावर दुकानदार कधीकधी तोच आयएमईआय म्हणून लिहितात. अक्षरं दिसली की समजा तो अनुक्रमांक आहे. शंका असेल तर कुठल्याही फोनवरून 14422 वर असा एसएमएस पाठवा, मधे एक जागा सोडून:

```
KYM 15-आकडी-आयएमईआय
```

उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. ते तुमच्या फोनशी जुळलं तर आकडे बरोबर. मी पहिल्यांदा पाठवला तेव्हा "अवैध" आलं. एका 6 च्या जागी 8 वाचला होता. शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेबाने ठरतो, त्यामुळे एका आकड्याची अशी चूक तिथेच पकडली जाते. हे ठाण्यात जायच्या आधी करा, कारण तक्रारीत चुकीचा आयएमईआय गेला तर पुढे अर्जातला आणि तक्रारीतला आकडा जुळत नाही.

आता मूळ अडचणीकडे. संध्याकाळी डुप्लिकेट सिम घ्यायला गेलो तेव्हा कळलं की मावशी बारा वर्षं वापरत असलेला नंबर काकांच्या नावावर आहे. सिम ज्याच्या नावावर, त्यालाच आधार घेऊन समोर यावं लागतं. काका घरी होते म्हणून अर्ध्या तासात आले. बऱ्याच घरांत सिम मुलाच्या नावावर असतं आणि मुलगा दुसऱ्या शहरात, तेव्हा तिथल्या दुकानातून त्याने सिम घ्यायचं आणि पाठवायचं एवढंच उरतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास नवं सिम सुरू झालं. फोन येऊ-जाऊ लागले.

रविवारी सकाळी मी `sancharsaathi.gov.in` वर हरवलेला-चोरीचा फोन ब्लॉक करायचा अर्ज उघडला. त्यात नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी व मॉडेल, चोरीची जागा व तारीख, जिल्हा आणि पोलीस ठाणे, तक्रारीचा क्रमांक, तक्रारीची प्रत, मालकाचं नाव-पत्ता आणि ओळखपत्र हे सगळं लागतं. बिल जवळ असेल तर तेही जोडा. शेवटी ओटीपी मागवला. आला नाही. पुन्हा मागवला, तरी नाही. सिम चालू होतं, माझा फोन मावशीच्या नंबरवर लागत होता.

कारण साधं आहे. सिम बदललं की पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस ये-जा बंद ठेवले जातात. ट्रायच्या नियमाने सगळ्याच कंपन्या हे करतात. कुणी खोट्या कागदांवर तुमच्या नंबरचं सिम काढलं तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत म्हणून ही तरतूद आहे. ती आपल्याच बाजूची आहे, पण खऱ्या मालकालाही तेवढा वेळ थांबावंच लागतं. संचार साथीच्या सूचनांमध्येही लिहिलेलं आहे की आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या, ओटीपी त्यावर येईल आणि एसएमएस 24 तासांनी सुरू होतील. अर्ज भरायच्या घाईत ती ओळ कुणी वाचत नाही.

हे कसं ओळखायचं? नव्या सिमवर फोन लागतो, इंटरनेट चालतं, पण कुठलाच एसएमएस येत नाही, घरच्यांनी पाठवलेला साधा निरोपसुद्धा नाही. असं असेल तर हीच बंदी आहे, सिम दुकानात परत नेऊ नका आणि पुन्हा सिम बदलून घेऊ नका. पुन्हा बदललं की 24 तास पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. आमच्या शेजारच्या काकांनी असं दोनदा केलं आणि त्यांचे तीन दिवस गेले. त्याउलट साधे एसएमएस येतायत आणि फक्त अर्जाचा ओटीपी येत नाही, तर नंबर टाकताना चूक झाली आहे का बघा.

या काळात व्हॉट्सॲप मात्र परत घेता येतं. एसएमएसऐवजी फोन करून कोड सांगायचा पर्याय त्यात असतो आणि आवाजी कॉल चालू असतात. नव्या फोनवर नोंद झाली की चोराच्या हातातल्या फोनवरचं व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडतं. हे महत्त्वाचं आहे, कारण सिम बंद असलं तरी जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहतं आणि "मावशी अडचणीत आहे, पाच हजार पाठव" असे निरोप तिथून जाऊ शकतात.

रविवारी संध्याकाळी सव्वासहाला मावशीच्या नंबरवर एकदम चार एसएमएस आले. साडेसहाला अर्ज पुन्हा भरला आणि पहिल्याच फटक्यात ओटीपी आला. अर्ज गेल्यावर एक रिक्वेस्ट आयडी मिळतो. स्थिती बघायला आणि पुढे फोन सापडल्यास ब्लॉक उठवायला तोच लागतो, म्हणून मी तो मावशीच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिला. ब्लॉक व्हायला साधारण 24 तास लागतात. सोमवारी संध्याकाळी स्थिती ब्लॉक झाल्याची दिसत होती.

ब्लॉक झाल्याने काय होतं आणि काय होत नाही, हेही नीट माहीत हवं. भारतातल्या कुठल्याही कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही. वायफायवर तो चालतो. देशाबाहेर गेला तर तिथल्या सिमवर चालू शकतो. सुटे भाग करून विकला तर ब्लॉकला काही अर्थ उरत नाही. आयएमईआय बदलणारेही असतात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, पण धंदा बंद झालेला नाही. ब्लॉक केल्यावर पोलिसांना फोन शोधता येणार नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याची माहिती पोलीस ठाण्याकडे जाते. उशीर करण्यात काही फायदा नाही.

ब्लॉकनंतर आठवड्याभरात मावशीच्या नंबरवर इंग्रजीत एक एसएमएस आला: तुमचा फोन सापडला आहे, जागा बघायला या दुव्यावर खात्याने आत जा. तिने तो मला दाखवला. दुव्यातलं नाव गूगलसारखं दिसणारं, पण एक अक्षर वेगळं. चोराकडे कुलूपबंद फोन असतो आणि तो उघडायला त्याला तुमचा पासवर्ड लागतो, म्हणून असे निरोप येतात. कुलूप लावताना पडद्यावर संपर्काचा नंबर दिला असेल तर त्या नंबरवर हमखास येतात. खरी जागा बघायची असेल तर पत्ता स्वतः टाइप करून बघा. सापडल्याचं खरंच कळलं असेल तर ठाण्यातून फोन येतो, आणि त्यासाठी पासवर्ड कुणी मागत नाही.

मावशीला ठाण्यातून तसा फोन सात आठवड्यांनी आला. पलीकडच्या तालुक्यात कुणीतरी बाजारात स्वस्तात घेतलेला फोन म्हणून त्यात सिम घातलं होतं. ठाण्यातून फोन घेऊन घरी आलो, तिचं सिम घातलं, तर नेटवर्कच नाही. मावशी म्हणाली, "बिघडवून दिला वाटतं त्यांनी." फोन चांगला होता, ब्लॉक अजून उठवलेला नव्हता. त्याच साइटवर सापडलेला फोन अनब्लॉक करायचा अर्ज आहे. दुधाच्या वहीतला आयडी टाकला, कारण निवडलं, ओटीपी दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिमच्या दांड्या उभ्या राहिल्या. एटीएम कार्ड आता ती घरी डब्यात ठेवते.